कोलॅजेनचे प्रकार पाठ करण्याआधी

कोलॅजेनचा तक्ता घोकत बसू नकोस, एक जखम भरताना बघ. फायब्रोब्लास्ट आधी टाइप ३ चे बारीक तंतू विणतात. पुढे काही आठवड्यांत त्यांच्या जागी त्वचेत आणि टेंडनमध्ये असतं ते जाड, मजबूत टाइप १ येतं. तरी व्रणाला मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्केच ताकद मिळते. टाइप २ कूर्चेत असतं, टाइप ४ बेसमेंट मेंब्रेनमध्ये. तिथे तंतू शोधू नकोस, जाळी असते.

याच संयोजी ऊतीतल्या मास्ट पेशी मात्र नेहमीच्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर हमखास निसटतात. टोल्युइडिन ब्ल्यूची स्लाइड माग आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने बघ. हेपारिनमुळे त्यांचे कण निळे न दिसता जांभळे दिसतात.