नैसर्गिक रंग: धुण्यात टिकला म्हणजे उन्हात टिकेलच असं नाही

दर वेळी येणाऱ्या पत्रांत निम्मे प्रश्न एकाच गोंधळातून आलेले असतात: रंग धुण्यात टिकणं आणि उजेडात टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी सांगितलेलंच नसतं. या वेळची निवडक पत्रं घेतो.

रंगवलेलं कापड मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो ना?

नाही.

सुती कापड तुरटीच्या पाण्यात उकळून मंजिष्ठेत रंगवलं. पहिल्याच धुण्यात लाल जाऊन फिकट गुलाबी उरलं, तेही डागाडागांचं. तुरटी कमी पडली का?

बहुधा तुरटी कमी पडली नाही, ती धाग्यात थांबलीच नाही. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं असल्याने तुरटीतलं अॅल्युमिनियम त्यांना थेट धरतं. सुताला तशी पकड नसते. त्याला आधी टॅनिन द्यावं लागतं, ते अॅल्युमिनियमला धरून ठेवतं आणि अॅल्युमिनियम रंगाला. मधली कडी गाळली की रंग नुसता वर बसतो.

समजा, कोरडं कापड अर्धा किलो आहे. आधी दहा ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून ते तासभर मंद उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होईल, तो धाग्यावरचा मेणचट थर आणि खळ आहे. खळबळून वाळवल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर पुढे जा. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. तुमचे डाग इथेच जन्मले असावेत. मग टॅनिनसाठी शंभर ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून, गाळून, त्यात कापड रात्रभर ठेवा आणि न धुता नुसतं पिळा. त्यानंतर पाऊणशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात काही तास ठेवा, आणि एकदा हलकं खळबळा, म्हणजे सुटी तुरटी रंगाच्या भांड्यात जाणार नाही.

मंजिष्ठेची पूड अडीचशे ग्रॅम पुरेल. भांडं हळूहळू साठ-सत्तर अंशांपर्यंत न्या आणि तासभर तिथेच धरा. खदखदू दिलं तर मुळातले तपकिरी घटक वर येतात आणि लाल मळकट होतो. एवढं करूनही रंग उतरला, तर कापडात पॉलिएस्टर आहे का ते पाहा. त्यावर ही युक्ती चालत नाही. मोठा नग रंगवण्याआधी त्याच कापडाचा तुकडा घेऊन एखाद्या अनुभवी रंगाऱ्याकडे जाऊन या.

निळीसाठी तुरटीसारखं कोणतं रंगबंधक वापरू? माझ्या निळ्या ओढणीचा रंग हाताला लागतो.

कोणतंच नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कली पाण्यात तिच्यातला ऑक्सिजनचा परिणाम काढून घेतला की ती पिवळट-हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात येते, त्या रूपात धाग्यात शिरते आणि हवा लागली की आतच पुन्हा निळी होऊन अडकते. हाताला लागते ती वर साचलेली नीळ.

कारण बहुतेकदा घाई असते. भांड्यातलं पाणीच निळं दिसत असेल, तर नीळ विरघळलेली नसून तिचे कण कापडावर बसत असतात. पिवळट-हिरवं पाणी आणि वर तांबूस चकाकीची साय दिसेपर्यंत थांबा. मग एकदाच गडद करण्याऐवजी थोडा वेळ बुडवा, काढा, हवेत पूर्ण निळी होऊ द्या, पुन्हा बुडवा. शेवटी गरम साबणाच्या पाण्यात धुऊन सुटी नीळ काढून टाका. गडद निळीत थोडं घासलं जाणं तरीही राहतं. तुमच्या ओढणीवर आता इतकाच इलाज: गरम साबणाचं एक धुणं द्या, आणि तरी थांबलं नाही तर रंगवणाऱ्याला दाखवा.

हळदीचा पिवळा मला फार आवडतो. विक्रेत्याने ‘नैसर्गिक, पक्का रंग, दर्जा ४’ असं लिहून दिलंय. कुणी म्हणतं मोरचूद घाल, मग उन्हातही जात नाही. खरं काय?

हे पत्र वाचून माझा पारा चढला. तुमच्यावर नाही, त्या ‘दर्जा ४’वर. कुठल्या मापावरचा चार? धुण्याचा टिकाऊपणा १ ते ५ मध्ये मोजतात. तिथे चार चांगला. प्रकाशाचा टिकाऊपणा १ ते ८ मध्ये मोजतात. तिथे चार मध्यम. पहिल्यातला चार दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प राहायचं, हा जुना धंदा आहे. विक्रेत्याला दोन्ही आकडे वेगवेगळे मागा आणि चाचणी कुठल्या कापडावर केली तेही विचारा.

हळदीतलं कर्क्युमिन रंगबंधकाशिवायही सुतावर, रेशमावर छान चढतं. त्यामुळेच लोक फसतात. साबणाच्या अल्कलीने ते तांबूस होतं, लिंबाच्या पाण्याने परत पिवळं. इथपर्यंत ठीक. पण प्रकाश त्याचा रेणूच मोडतो, आणि मोडलेला रेणू कुठल्याही बंधकाने परत जोडता येत नाही. तुरटीने धुण्यात थोडा फायदा होईल, उन्हात विशेष नाही. मोरचूद काही रंगांना प्रकाशात जरा बळ देतं, पण हळद त्याने पक्की होत नाही. शिवाय ते पाण्यातल्या जिवांना विषारी आहे, ते पाणी गटारात ओतायचं नाही. पोटॅशियम डायक्रोमेट सुचवणाऱ्याचं तर ऐकूच नका, ते कर्ककारक आहे.

खात्री स्वतः करून घ्या. रंगवलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या कापा. एक कपाटात बंद ठेवा. दुसरीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत लावा. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी पुठ्ठा उचलून दोन्ही अर्ध्यांची तुलना करा, शेवटी कपाटातल्या पट्टीशीही. हळदीच्या बाबतीत सीमारेषा आखल्यासारखी दिसायला फार दिवस लागत नाहीत. शेजारी मंजिष्ठा आणि निळीची पट्टी लावली तर फरक आपोआप समजेल.

हिरव्यातही हाच खेळ चालतो. निळीवर हळद चढवून केलेला सुंदर पोपटी उन्हात परत निळा होतो. जुन्या युरोपीय भित्तिपटांत झाडांची पानं निळी दिसतात ती याच कारणाने, आणि तिथला पिवळा तर हळदीपेक्षा बराच टिकाऊ होता.

पिवळाच हवा असेल तर तुरटी दिलेल्या सुतावर डाळिंबाची साल वापरून पाहा; रंग मातकट, पण हळदीपेक्षा टिकणारा. हळद हवीच असेल तर ती आत ठेवायच्या, क्वचित नेसायच्या वस्त्रापुरती ठेवा. पडदा, उशीचा अभ्रा, दुकानाच्या काचेत टांगायचं कापड यासाठी नको. आणि विक्रीसाठी रंगवणार असाल तर वस्त्र-चाचणी प्रयोगशाळेचा प्रकाश-अहवाल घेतल्याशिवाय ‘पक्का’ लिहू नका.

तुरटीचं भांडं नंतर स्वयंपाकाला वापरलं तर?

नको. भांडी, चमचे, गाळणी सगळं वेगळं.

आजीची मंजिष्ठेची शाल वर्षभर खिडकीजवळ टांगून होती. रंग उतरलाय. घरीच पुन्हा रंगवू का?

आधी ती आजच काढा आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी सपाट पसरून ठेवा. नुकसान उजेडाच्या बेरजेने वाढत जातं, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ने ते थांबत नाही. घरी रंगवू नका. काळपट नक्षी असेल तर त्या जागी लोखंडाचं बंधक, म्हणजे हिराकस, असू शकतो आणि तो धागा कुरतडतो. अशा शालीला गरम पाणी दिलं की नक्षीच्या जागी भोकं पडू शकतात. वस्त्रसंवर्धकाला दाखवा, आणि दाखवायला नेताना धुऊन, इस्त्री करून नेऊ नका.