आजीची बरणी

“आई, आजीनं मला लोणच्याच्या बरणीला हात का लावू दिला नाही? पाळी आली की मी घाण होते का? आणि तू तिथंच होतीस, मग काहीच का बोलली नाहीस?”

सई,

नाही, तू घाण होत नाहीस. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही की ते रक्ताबरोबर बाहेर पडतं, बस. तुझ्या हातांचा त्याच्याशी संबंध येतो तो पॅड बदलताना, आणि साबणानं धुतले की ते हात इतर कुणाच्याही हातांइतके स्वच्छ असतात.

आणि मी गप्प बसले ते चुकलं. शेजारच्या दोघी फोडी पुसायला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बोलले असते तर आजी आणखी ताठली असती, हे खरं. पण तुला आतल्या खोलीत नेऊन तेव्हाच हे सगळं सांगायला हवं होतं. तू दिवसभर हात मागे बांधून फिरत होतीस, ते मी पाहत होते.

लोणचंच का, ते सांगते. वर्षभराचं लोणचं म्हणजे घराची पुंजी. मिरगाचा पाऊस पडायच्या आत कैऱ्या आणायच्या, धुऊन, पुसून, फोडून पुन्हा कापडावर पसरायच्या. किलोभर फोडींना साधारण २०० ग्रॅम मीठ, मग हळद, तिखट, मोहरीची डाळ, हिंग. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावर ओतायचं, फोडींच्या वर बोटभर राहील इतकं. बरणी उन्हात तापवलेली हवी आणि तोंडाला घट्ट दादरा बांधायचा. यात मिठाचं काम पाणी ओढून घेण्याचं आणि तेलाचं काम हवा अडवण्याचं. फोड ओली राहिली, मीठ हलक्या हातानं पडलं, तेल खाली गेलं किंवा ओला चमचा आत गेला, की बुरशी धरते. वर पांढरं दिसलं तर ते बोटांत चोळून बघायचं. खरखरीत लागलं तर मिठाचे खडे असतात. मऊ, लवदार लागलं आणि कुबट वास आला तर बुरशी.

आता १९९१ ची गोष्ट. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि फोडी नीट सुकल्याच नव्हत्या. श्रावणात दादरा सोडला तर वर बुरशी. कुणीतरी म्हणालं, काकू त्या दिवसांत बाजूला बसली नव्हती, तिनंच शिवलं असणार. काकूनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून तिनं आजीच्या घरातल्या लोणच्याला हात लावला नाही. मी तेव्हा तुझ्याएवढी होते आणि मलाही ते खरंच वाटलं होतं.

तुला अडवलं त्या रात्री मी आजीजवळ अंथरूण घातलं. वाद घालायचा नाही, फक्त विचारायचं, असं ठरवलं होतं. विचारलं, “आई, तुझ्या वेळी कसं होतं गं?” मग ती बोलत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा चार दिवस पडवीत घोंगड्यावर बसायचं, ताट-तांब्या वेगळा, कुणी वाढेल तेव्हा जेवायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. जातं आणि पाणी भरणं सुटायचं, तेवढा विसावा मिळायचा, हे तिनं आवर्जून सांगितलं आणि ते खोटं नाही. पण भांगलणीला मात्र त्याच चार दिवसांत जावं लागायचं. मी विचारलं, “पिकाला विटाळ नव्हता होय?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच हळदीवर आली. आपली सांगलीची हळद. काढणीच्या वेळी शेकडो बाया मातीत बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात. त्यातल्या कुणाची पाळी आहे, हे कोण विचारतं? तीच हळद लोणच्यात पडते आणि देवघरात देवीलाही वाहिली जाते. आजी म्हणाली, “हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही बघ.”

तिला हरवायचं नव्हतं मला. तिनं हे नियम काढले नाहीत, तिच्यावरही ते लादलेच गेले. म्हणून मी एकच गोष्ट मागितली. तू मिरजेला आत्याकडे गेली होतीस तेव्हा माझी पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी तिला सांगून, तिच्या डोळ्यांदेखत मी एक किलोचं लोणचं घातलं. तिनं शेजारी बसून तिचं एक किलो घातलं. कैऱ्या, मीठ, तेल सगळं एकाच मापाचं. चोरून केलं असतं आणि नंतर सांगितलं असतं, तर तिला फसवल्यासारखं वाटलं असतं. माझी बरणी वेगळ्या फळीवर ठेवायची आणि नको वाटलं तर कुणी खायची नाही, हेही आधीच ठरलं. एका बरणीनं सगळं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ‘हात लागला की नासतंच’ असं म्हणणं असेल, तर ते खोडायला एक चांगली राहिलेली बरणीही पुरेशी आहे.

देवाचं मात्र अवघड आहे. आजी भजनात सोयराबाईंचा अभंग म्हणते, ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला’. तो म्हणतानाही देवघराचा उंबरा ती त्या दिवसांत कुणाला ओलांडू देत नाही. तिथं मी अजून काही मागितलेलं नाही. तू आजीकडे गेलीस आणि ती ‘लांब उभी राहा’ म्हणाली, तर लांबून हात जोडायचे की त्या वेळी बाहेर अंगणात जायचं, हे तू ठरव. मला दोन्ही चालेल. आपल्या इथल्या घरातल्या देवापुढे तू कुठल्याही दिवशी दिवा लाव.

एक गोष्ट मात्र मी होऊ देणार नाही. गौरी बसायच्या वेळी पाळी येणार म्हणून ती पुढे ढकलायची गोळी घरोघरी घेतली जाते. तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. मीही कॉलेजात असताना दोनदा घेतली, डॉक्टरांना न विचारता, दुकानातून आणून. ते हार्मोनचं औषध आहे. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं, आणि मला कुणी तसा प्रश्नही विचारला नव्हता. पूजेसाठी तुला ती गोळी घ्यायला कुणी सांगितलं तर मला लगेच फोन कर. तिथं मी सगळ्यांसमोर बोलेन.

गेल्या रविवारी तू पोहायला गेली होतीस तेव्हा आजीचा व्हिडिओ कॉल आला. पाच महिने झाले होते. तिनं दोन्ही दादरे सोडले, बरण्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. दोन्हींत तेल वर, फोडी लालभडक. तिनं आधी तिच्या बरणीतली फोड खाल्ली. मग कोरडा चमचा घेऊन माझ्या बरणीत घातला. चावत राहिली. “मीठ जरा जास्त झालंय तुझं,” म्हणाली.

मग थोड्या वेळानं विचारलं, “काकू तासगावलाच असते ना अजून?”

काल मामाचा मेसेज आला. आजी त्याच्या गाडीत बसून तासगावला गेली होती. मांडीवर माझी बरणी धरून.

तुझी,
आई