पाच ते सात जणांच्या मासिक बैठकीसाठी कोणता बोर्ड गेम घ्यावा?

प्रश्न: "आम्ही सोलापुरातले सात मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. कधी पाचच येतात, कधी सगळे सात. जेवण झाल्यावर जेमतेम दोन तास मिळतात. लुडो आणि पत्त्यांचा कंटाळा आला आहे, पण फार अवघड खेळ नको, कारण दोघा-तिघांना अशा खेळांची सवय नाही. एकच खेळ विकत घ्यायचा असेल तर कोणता?"

उत्तर:

तुम्ही दिलेल्या अटींत बसणारा खेळ म्हणून मी 'सेव्हन वंडर्स' सुचवीन. आमच्या जुळे सोलापूरच्या गटातही माणसांची संख्या अशीच कमीजास्त होत असते आणि आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा हाच खोका उघडला जातो. अँत्वान बोझा यांनी तयार केलेला हा खेळ 2010 साली आला, तो तीन ते सात जणांना खेळता येतो आणि खोक्यावर अर्ध्या तासाचा वेळ छापलेला असतो. विकत घेताना 'ड्युएल' असा शब्द जोडलेला खोका मात्र घेऊ नका, कारण तो फक्त दोघांसाठी असलेला वेगळा खेळ आहे.

खोक्यावरचा खेळाडूंचा आकडा म्हणजे तेवढ्या लोकांना खेळता येते एवढीच हमी असते. तेवढ्या लोकांना मजा येईलच असे त्यातून कळत नाही. त्यासाठी खेळाडू आपापली पाळी एकामागून एक घेतात की सगळे एकाच वेळी खेळतात, हे पाहावे लागते. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळात एका पाळीला दोन मिनिटे लागली, तर सहा जणांत प्रत्येकाला दर वेळी दहा मिनिटे थांबावे लागते आणि तेवढ्यात कोणीतरी मोबाइल उघडतोच. 'कटान' या प्रसिद्ध खेळात इतरांच्या पाळीतही तुम्हाला माल मिळतो आणि देवाणघेवाण करता येते, त्यामुळे तिथली प्रतीक्षा अगदी रिकामी नसते; पण मूळ खेळ तीन-चार जणांचा आहे, पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडसंच घ्यावा लागतो आणि सातव्या माणसाचा प्रश्न तरीही उरतोच. 'टिकट टू राइड' नवख्यांना शिकवायला याहून सोपा आहे, परंतु तो पाच जणांवर थांबतो.

'सेव्हन वंडर्स'मध्ये सगळे एकाच वेळी खेळतात. खेळाची तीन युगे असतात आणि प्रत्येक युगात प्रत्येकाला सात पत्ते मिळतात. त्यांतला एक निवडून पालथा ठेवायचा, सर्वांनी एकदम उघडायचा आणि उरलेले पत्ते शेजाऱ्याकडे सरकवायचे. पहिल्या आणि तिसऱ्या युगात ते डावीकडे जातात, दुसऱ्यात उजवीकडे. सहा पत्ते खेळून झाले की हातात उरलेला सातवा टाकून द्यायचा. म्हणजे तीन युगांत एकूण अठरा चाली होतात, मग खेळणारे पाच असोत वा सात. माणसे वाढली तरी चालींची संख्या तीच राहते, म्हणून वेळ फारसा वाढत नाही.

आता तुमच्या दोन तासांचा हिशेब करू. सहा जण जमले आहेत आणि त्यांतले तिघे नवखे आहेत असे धरा. नियम सांगायला वीस मिनिटे, नवख्यांच्या सावकाश चाली प्रत्येकी दोन मिनिटे धरल्या तर अठरा चालींना छत्तीस मिनिटे आणि शेवटी गुण मोजायला दहा मिनिटे लागतात. पहिला डाव असा एक तास सहा-सात मिनिटांत संपतो आणि लगेच मांडलेला दुसरा डाव पाऊण तासात आटोपतो. दोन डाव होणे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्यात लोक पत्ते ओळखायला शिकतात आणि खरी चुरस दुसऱ्यातच येते.

अवघडपणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर एक ते पाच या मापावर खेळाचा 'भार' दिलेला असतो. तिथे हा खेळ सव्वादोनच्या आसपास आहे, 'कटान'ही जवळपास तिथेच आहे. हा आकडा छंदी खेळाडूंच्या मतांची सरासरी असल्यामुळे नवख्यांना खेळ त्याहून जड वाटतो, शिवाय जडपणा नेमका कुठे आहे ते त्यातून समजत नाही. इथे तो चिन्हांत आहे. पत्त्यांवर मजकूर नाममात्र असतो, सगळे चित्रखुणांनी सांगितलेले असते, त्यामुळे इंग्रजीची अडचण येत नाही, पण पहिली दहा मिनिटे प्रत्येक जण "हे कशाचं चिन्ह?" असे विचारत राहतो. म्हणून सगळे नियम आधी सांगू नयेत. पत्त्याचे तीनच उपयोग सांगावेत: त्याची किंमत देऊन त्यावरची इमारत बांधायची, किंवा पत्ता पालथा घालून आपल्या वाट्याला आलेल्या जागतिक आश्चर्याचा एक टप्पा उभारायचा, नाहीतर विकून तीन नाणी घ्यायची. आपल्याकडे नसलेला माल शेजाऱ्याकडून दोन नाण्यांना घेता येतो, हे त्याच्या जोडीला. शेजाऱ्यांशी होणाऱ्या युद्धाचा निकाल प्रत्येक युगाच्या शेवटी लागतो, तेव्हा तो पहिल्या युगाच्या अखेरीस समजावला तरी चालतो. जांभळे पत्ते फक्त तिसऱ्या युगात येतात, ते तेव्हाच दाखवावेत.

हिरवे, म्हणजे विज्ञानाचे पत्ते मात्र सुरुवातीलाच नीट समजावा. त्यांवर तीन प्रकारची चिन्हे असतात. एकाच चिन्हाचे जितके पत्ते, त्या संख्येचा वर्ग इतके गुण मिळतात आणि तिन्ही वेगवेगळ्या चिन्हांच्या प्रत्येक संचाला सात गुण जादा. तिन्ही चिन्हे प्रत्येकी दोनदा जमली तर चार, चार, चार आणि दोन संचांचे चौदा, असे सव्वीस गुण होतात. जिंकणाऱ्याची बेरीज साधारणपणे पन्नास-साठच्या घरात असते, त्यामुळे सव्वीस ही थोडीथोडकी रक्कम नाही. गणिताला घाबरून बाकीचे हिरव्याकडे पाहत नाहीत आणि एकटाच सगळे गोळा करून जिंकतो. उपाय सोपा आहे: शेजाऱ्याला हवा असलेला हिरवा पत्ता आपल्या हाती आला की तो आपल्या आश्चर्याखाली पुरून टाकावा.

आणखी एक अडचण पत्ते सरकवताना येते. गप्पांच्या नादात कोणी चाल न करताच पत्ते पुढे देतो आणि दोन चालींनंतर एकाच्या हातात चार, दुसऱ्याच्या हातात पाच पत्ते निघतात. उरलेले पत्ते शेजाऱ्याच्या आणि आपल्या मध्ये पालथे ठेवावेत, सर्वांच्या चाली उघडल्यावरच ते उचलावेत आणि उचलताना मोजावेत. चूक त्याच फेरीत पकडली जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पंखा बंद करायची सोय नाही आणि वाऱ्याने पत्ते उडतात, तेव्हा टेबलाऐवजी जमिनीवर चादर अंथरून गोल बसणे उत्तम. प्रत्येकाला फक्त दोन्ही शेजाऱ्यांनी मांडलेले पत्ते दिसले तरी पुरते. शेंगाचटणीचे ताट मात्र खेळ उघडण्यापूर्वी उचलले जावे, कारण त्या तेलाचे डाग पत्त्यांवरून जात नाहीत. 65 गुणिले 100 मिलिमीटर मापाची प्लास्टिकची पाकिटे मिळाली तर घालून टाका.

या खेळाची मर्यादाही सांगतो. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाशी तुमचा जवळजवळ संबंध येत नाही आणि घासाघीस, थापा, आरडाओरडा यांना इथे जागा नाही. तुमच्या गटाला तेच हवे असेल, किंवा आठवा माणूस येऊ लागला, तर 'कोडनेम्स' घ्यावा. त्यात दोन गट पडतात, पंचवीस शब्द मांडले जातात आणि प्रत्येक गटाचा म्होरक्या एका शब्दाच्या इशाऱ्यावरून आपल्या बाजूचे शब्द ओळखायला लावतो. नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि डाव पंधरा-वीस मिनिटांचा असतो. त्याचे शब्द इंग्रजी असतात, पण आम्ही चिठ्ठ्यांवर 'कळ', 'पेठ', 'हात', 'माग' असे दोन-दोन अर्थांचे मराठी शब्द लिहून घेतले आहेत आणि खोक्यातली फक्त कोणता शब्द कोणत्या गटाचा हे दाखवणारी खुणांची पत्रिका वापरतो.