मिळकतीची यादी लिहिली म्हणजे वाटणी होते का?

प्रश्न: वकील साहेब, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय 71. चार एकर वावर माझ्या नावानं आहे, वडिलांकडून आलेलं. दुसरं तीन एकर माझ्या अन् वारलेल्या भावाच्या नावानं आहे. दोन एकर बायकोच्या नावानं घेतलं. गावात घर, दारव्ह्यात 2004 ला घेतलेला प्लॉट. मोठा मुलगा शेती पाहतो, लहाना पुण्याला, पोरगी आर्णीला दिली. मी गेल्यावर कोणाला काही सापडणार नाही, म्हणून सगळं एका कागदावर लिहायचं म्हणतो. मोठा म्हणतो, बाँडवर लिहा अन् कोणाला काय तेही लिहा. लहाना म्हणतो, लिहिलं की वाटणी झाली. काय करू?

उत्तर: काकाजी, कागद जरूर लिहा, पण साध्या कागदावर लिहा आणि ‘कोणाला काय’ याची एकही ओळ त्यात येऊ देऊ नका. बाँडवर लिहिल्यानं यादीला जास्त बळ येत नाही. वावर वाटून दिल्याचा कागद केला आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला नाही, तर त्यानं त्या वाटणीचा हक्क कोर्टात सिद्ध होत नाही. ‘माझ्यामागे हे मोठ्याचं’ असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर तेच तुमचं मृत्युपत्र आहे असा दावा उद्या उभा राहील. म्हणून कागदाच्या डोक्यावरच लिहा: ‘ही फक्त माहितीची यादी आहे, वाटणी किंवा मृत्युपत्र नाही.’ खाली सही आणि तारीख पुरे. वाटणी किंवा मृत्युपत्र करायचं असेल तर तो कागद वेगळा करू.

यादी आठवणीनं लिहू नका. ज्या ज्या मौज्यात जमीन आहे तिथला ताजा आठ-अ आधी काढा. एका खात्यावरचे त्या गावातले सगळे गट आठ-अ मध्ये एकत्र दिसतात, त्यामुळे विसरलेला धुऱ्याकडचा तुकडाही सापडतो. मग प्रत्येक गटाचा सात-बारा काढा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवर मिळतो.

आता पहिलं वावर घ्या. सात-बारावर तुमच्या नावाजवळ कंसात एक आकडा दिसेल, तो फेरफार क्रमांक. बहुतेक लोक यादीत गट नंबर आणि क्षेत्र लिहून थांबतात. माझ्या मते खरी किंमत या आकड्याची आहे, कारण जमीन तुमच्याकडे कशी आली ते त्या फेरफारात लिहिलेलं असतं. त्याची नक्कल काढून नीट वाचा. वडील वारल्यावर कोणाकोणाची नावं लागली? तुम्हाला बहिणी असतील तर त्यांची नावं आहेत का? नसतील तर का नाहीत?

आपल्याकडे बहिणींची नावं ‘त्यांची हरकत नाही’ एवढ्या जबाबावर वगळल्याचं पुष्कळदा दिसतं. पण फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिनं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला आहे. बहिणीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं नसेल, तर तो हक्क फक्त त्या जबाबानं संपला असं धरून चालू नका. मग त्या ओळीत खरं ते लिहा: ‘वडिलांकडून वारसानं, फेरफार क्रमांक अमुक, बहिणीचं हक्कसोडपत्र नाही.’ हे लिहायला जड जाईल. पण तुमच्या पोरांना हे आधी कळलं तर ते आत्याशी बसून बोलतील. नाहीतर वावर विकायच्या वेळी गिऱ्हाईकाच्या वकिलाकडून कळेल आणि तेव्हा बोलणं अवघड होईल.

तीन एकरांच्या वावरात भाऊ वारला, तरी नाव त्याचंच आहे. त्याची बायको, मुलं-मुली आणि भाऊ वारला तेव्हा आई हयात असेल तर आई, हे सगळे त्याच्या हिश्शाचे वारस आहेत. त्यांची वारस नोंद व्हायची आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून पटवाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पटवारी चौकशी करतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महसूल कायद्यानं ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. पण उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, नोंद आताही होते. यादीत मात्र ‘तीन एकर माझं’ असं लिहू नका. ‘माझा हिस्सा आणि भावाच्या वारसांचा हिस्सा’ असं लिहा. विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी आणि मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावानं आहे, तेही त्याच ओळीत यावं.

काकूंच्या नावचे दोन एकर काकूंचेच आहेत. पैसे कोणी दिले असा विचार करून ते आपल्या खात्यात मोजू नका. त्यांच्यामागे ते त्यांच्या वारसांकडे जातील, त्यात मुलगीही आली. ती ओळ काकूंनाच सांगू द्या आणि त्या ओळीसमोर त्यांचीच सही घ्या.

प्लॉटच्या बाबतीत एक गोष्ट लगेच तपासा. खरेदीखत नोंदलेलं असेल तर मालकी तुमची आहे. पण त्यानंतर फेरफार घेतला का? रेकॉर्डला अजून विकणाऱ्याचंच नाव असेल तर त्याची पोरं तोच प्लॉट दुसऱ्याला दाखवू शकतात. खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स 2 घेऊन नोंदीसाठी अर्ज द्या. मूळ खरेदीखत हरवलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, त्यावर एकट्यावर विसंबू नका. तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर यादीत तिचा उल्लेख करा.

यादीत प्रत्येक मिळकतीपुढे ‘कोण पाहतो’ असा रकाना ठेवा. त्याचीच मोठ्याला ओढ आणि लहान्याला भीती आहे, म्हणून ते स्पष्ट करतो. शेती कसणारा वारस, तेवढ्यानंच, मालक होत नाही. सामाईक मिळकतीत एकाचा ताबा कायद्यानं सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. त्यानं बाकीच्यांचा हक्क उघडपणे नाकारला तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिल्या वावराची ओळ अशी लिहा: ‘सात-बारावर नाव माझं. वहिवाट मोठा मुलगा माझ्या वतीनं करतो. पेरा, ई-पीक पाहणी आणि सोसायटीचं कर्ज तोच पाहतो.’ वावर ठेक्यानं किंवा बटईनं दिलं असेल तर कोणाला आणि कोणत्या हंगामापर्यंत, हे न चुकता लिहा. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळकायदा आहे आणि ठेक्याची मुदत कागदावर नसली की कुळाचा वाद निघायला जागा राहते.

मोठ्यानं इतकी वर्षं राबून वावर सांभाळलं, त्याचं मोल तुम्हाला द्यायचं असेल तर ते मृत्युपत्रात द्या. त्याची नाराजी मला कळते, पण ती यादीतून भागणार नाही.

कागद कुठे आहेत ते नेमकं लिहा. ‘घरी आहे’ असं लिहू नका. ‘आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीत, निळ्या फाइलीत’ असं लिहा. मूळ कागद कर्जासाठी बँकेत असेल तर शाखेचं नाव आणि कर्ज खाते क्रमांक लिहा. सात-बाराच्या इतर हक्कात बोजा दिसतो, तोही टिपा. एटीएमचा पिन मात्र या कागदावर नको. तिन्ही लेकरांना एकाच दिवशी एकसारखी प्रत द्या, आर्णीलाही.

आधी भावाच्या वारसांची नोंद आणि प्लॉटचा फेरफार या दोन कामांना लागा. बहिणीची बाब असेल तर त्या फेरफाराची नक्कल घेऊन माझ्याकडे या. यादी मात्र त्यासाठी थांबवू नका. जे अर्धवट आहे ते अर्धवट म्हणूनच लिहा आणि नोंद मंजूर झाली की नवा फेरफार क्रमांक टाकून कागद पुन्हा लिहा.