कुरडयांच्या रेकॉर्डिंगमधलं काहीही कापू नकोस

प्रश्न: आजीच्या रेसिपी मोबाइलवर रेकॉर्ड करतेय. ती मधेच जुन्या गोष्टी सांगत बसते. तो भाग काढून टाकू का? आणि तिच्या ‘अंदाजा’चं प्रमाण कसं लिहून घ्यायचं?

अजिबात काढू नकोस. मी आमच्या आजीच्या चिकाच्या कुरडया रेकॉर्ड केल्या, तेव्हा काका हेच म्हणाले होते, ‘गप्पा काढ, कृती तेवढी ठेव.’ त्या गप्पांमध्ये काय होतं ते सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. गहू तीन दिवस भिजत घातला होता आणि आजी रोज पाणी बदलत होती, नाहीतर उग्र आंबूस वास येतो. तिसऱ्या दिवशी तिनं दाणा चिमटीत दाबला आणि पांढरं दूध बाहेर आलं, म्हणजे गहू झाला. मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवला. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून टाकायचं असतं, पण ते हळूहळू, नाहीतर खालचा चीकही वाहून जातो. हे काम वेळखाऊ, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. आजी बोलते ती अशाच वेळी.

गाळून उरलेला चोथा मी टाकायला निघाले, तर म्हणाली, ‘ठेव तिथंच.’ त्यात ज्वारीचं पीठ, भरपूर लसूण, तिखट आणि तीळ घालून ती भुसवड्या घालते. एवढं तिखट का, विचारलं. तर १९७२चा दुष्काळ निघाला. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. तोंडाला चव यावी म्हणून तिखट भुसवडी चुरून घ्यायची, तीही तळून नाही, निखाऱ्यावर भाजून, कारण तेल कुठलं आणायचं? आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

पाणी ओतून झाल्यावर तिनं सोऱ्या चिंचेनं घासायला घेतला. पितळ लखलखलं आणि बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं. ते नाव आजीचं नव्हतं, तिच्या थोरल्या जाऊबाईंचं होतं. आजी सहज म्हणाली, ‘त्या सालात आमचा सोऱ्या गहाण पडला तो गेलाच. पुढच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी हा आणून दिला. म्हणाल्या, माझं काय, मी तुझ्याबरोबरच घालीन.’

आमच्या घरात जाऊबाईंच्या घराबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलेय की, ‘त्या घरानं आपल्याला कधी फुटकी कवडी दिली नाही.’ शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे. काका हे वाक्य दर दिवाळीला म्हणतात, आणि त्यांच्याच घरातल्या कुरडया दर उन्हाळ्यात त्या घरच्या सोऱ्यातून पडतात. म्हणूनच त्यांना गप्पा नकोत. मी ते रेकॉर्डिंग चुलत आत्यांना ऐकवलं. त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. बांधाचा वाद मिटला नाही, पण ते वाक्य आता आमच्या घरात कुणी माझ्यासमोर म्हणत नाही.

आता प्रमाण. आजीला ‘किती’ विचारू नकोस, तिला ते सांगता येत नाही. तिनं मूठ घालायच्या आधी डबा वजनकाट्यावर ठेव आणि घातल्यावर पुन्हा ठेव, फरक लिही. चिकाला एकच भांडं धर: जेवढी भांडी चीक, तेवढीच पाणी. मीठ आजी उकळत्या पाण्याची चव घेऊन ठरवते आणि हात आखडता ठेवते, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. चीक ओतताना मात्र तिच्याशी बोलू नकोस. हात थांबला की गुठळ्या होतात, त्या पुन्हा मोडत नाहीत. पांढरा चीक पारदर्शक, चकचकीत झाला आणि ओल्या बोटाला चिकटेना, की शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, आणि आभाळ आलं असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नकोस.

फोन एरोप्लेन मोडवर ठेव, कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. मिक्सरपासून लांब ठेव. सलग चालू राहू दे आणि वहीत फक्त वेळ टीप: ‘चोथा’, ‘सोऱ्या’ एवढं पुरे. कृती नंतर त्यातून उतरवता येते.

एक राहिलंच. कुणालाही ऐकवायच्या आधी आजीला विचार. मी विचारलं होतं, आणि एक गोष्ट तिनं ‘ही तुझ्यापुरती’ म्हणून सांगितली, ती मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय. पण काय ठेवायचं नि काय नाही, हे आजी ठरवेल. काका, मामा किंवा दादा नाही.