एक टिक म्हणजे ब्लॉक नव्हे

प्रश्न : समोरच्या व्यक्तीने व्हॉट्सअ‍ॅपचे अकाउंट डिलीट केले किंवा नवीन नंबर घेतला, तर आपल्याकडच्या चॅटमध्ये नेमके काय दिसते? तिने आपल्याला ब्लॉक केले आहे की अकाउंटच काढले आहे, हे कसे ओळखावे?

जुने चॅट जिथे होते तिथेच आणि जसेच्या तसे राहते. त्यातील संदेश आपल्या फोनमध्ये साठवलेले असतात, त्यामुळे समोरच्याने स्वतःचे अकाउंट पुसले तरी आपल्याकडची प्रत पुसली जात नाही. नावही बदलत नाही, कारण ते आपण आपल्या फोनमध्ये साठवलेले असते. फोटोच्या जागी राखाडी आकृती येते, ‘लास्ट सीन’ दिसेनासे होते आणि आपण पाठवलेला नवा संदेश एका टिकेवर अडकून राहतो. पंचाईत अशी की ब्लॉक केल्यावरही हीच तीन लक्षणे दिसतात. यावरून आमच्या घरात दोन महिने वाद झाला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात वारजे भागात भाड्याने राहत होतो. मे २०२३ च्या अखेरीस घर सोडले, तेव्हा साठ हजारांचे डिपॉझिट घरमालकांकडे होते. ‘पंधरा दिवसांत ट्रान्सफर करतो, रंगकामाचे काही कापणार नाही,’ असे त्यांनी चॅटवर स्पष्ट लिहिले होते. जूनभर ‘उद्या करतो’ चालले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोटो गेला. माझा संदेश एका टिकेवर थांबला आणि फोन लावला तर बंद. आमचे थोरले दीर लगेच म्हणाले, ‘त्याने तुला ब्लॉक केले. अकाउंट काढले असेल तर ते चॅटसुद्धा आता कुठे पुरावा म्हणून चालणार नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायला हवे होते.’ हे वाक्य त्यानंतर प्रत्येक जेवणाच्या वेळी ऐकावे लागले. भाऊजींविषयी मला आदर आहे, पण त्या वाक्यातले एकही विधान बरोबर नव्हते.

सोसायटीच्या ग्रुपमध्ये मी अजून होते, घर सोडल्यावर मला कोणी काढले नव्हते. पाण्याच्या टँकरविषयीचे दीडशे संदेश वर सरकवत गेल्यावर जुलैच्या सुरुवातीला मध्यभागी एक छोटी राखाडी ओळ सापडली. घरमालकांनी आपला नंबर बदलून नवा घेतल्याचे त्यात लिहिले होते. त्या ओळीवर बोट ठेवताच नव्या नंबरवर संदेश पाठवण्याचा पर्याय आला. त्यांनी ना मला ब्लॉक केले होते, ना नुसते अकाउंट काढले होते. त्यांनी सेटिंग्जमधील ‘Change number’ हा पर्याय वापरला होता.

हा पर्याय वापरताना व्हॉट्सअ‍ॅप विचारते की नव्या नंबराची माहिती सर्व संपर्कांना द्यायची, ज्यांच्याशी चॅट आहे त्यांनाच द्यायची, की निवडक लोकांना द्यायची. कळवलेल्या माणसाच्या चॅटमध्ये नंबर बदलल्याची ओळ येते. ही सूचना पूर्ण बंदही ठेवता येते आणि आमच्या घरमालकांनी ती बंद ठेवली असावी किंवा मला वगळले असावे, कारण माझ्या चॅटमध्ये काहीच आले नव्हते. परंतु ग्रुपमधील सूचना कोणालाही थांबवता येत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की एकट्याच्या चॅटकडे पाहून निष्कर्ष काढू नये, तुमचा दोघांचा एखादा सामाईक ग्रुप असेल तर आधी तो उघडावा.

ब्लॉक करणारा माणूस ग्रुपमध्ये तसाच राहतो, त्याचे तिथले संदेश आपल्याला दिसतात आणि आपले त्याला दिसतात. अकाउंट डिलीट करणारा मात्र सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडतो, म्हणजे सदस्यांच्या यादीत तो सापडत नाही. सामाईक ग्रुप नसेल, तर नवीन चॅट सुरू करायच्या यादीत जाऊन ती एकदा रिफ्रेश करावी. अकाउंट नसलेला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरील लोकांतून निघून खाली निमंत्रण पाठवायच्या भागात गेलेला असतो. ब्लॉक करणारा वरच्या यादीतच राहतो. ब्राउझरमध्ये wa.me/91 आणि त्यापुढे दहा आकडी नंबर टाकूनही हा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की नाही ते कळते.

तिसरी शक्यताही असते. काही लोक काहीही न बदलता जुने सिम टाकून देतात आणि नव्या नंबरावर नवे अकाउंट उघडतात. अशा वेळी जुना फोटो कित्येक आठवडे तसाच राहतो आणि संदेशांना फक्त एक टिक मिळते. न वापरलेले अकाउंट व्हॉट्सअ‍ॅप साधारण १२० दिवसांनी काढून टाकते.

यानंतरचा धोका कमी लोकांना माहीत असतो. भारतात बंद केलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. डिसेंबरमध्ये आमच्या घरमालकांच्या त्या जुन्या चॅटवर अचानक एका मोटारसायकलचा फोटो झळकला. वर नाव तेच, ‘वारजे घरमालक’, खाली आमचे दोन वर्षांचे बोलणे आणि संदेश टाकला तर दोन टिका. तो नंबर आता कोणा अनोळखी तरुणाचा होता. आमचे जुने संदेश त्याला दिसत नव्हते, पण मी त्या चॅटमध्ये बँकेचा खाते क्रमांक लिहिला असता तर तो सरळ त्याच्या हाती गेला असता. सुरक्षा कोड बदलल्याची पिवळसर ओळ तिथे आली होती. ही सूचना सेटिंग्जमध्ये चालू केलेली असेल तरच दिसते आणि त्याच माणसाने नवा फोन घेतला तरी ती येते. म्हणून ती दिसली की पैशाचे काहीही लिहिण्यापूर्वी फोन करून आवाज ऐकावा. जुना नंबर नाव बदलून ‘जुना, वापरू नये’ असा साठवावा, म्हणजे घाईत चूक होत नाही.

डिपॉझिटचे सांगायचे तर नव्या नंबरावर मी फक्त त्यांच्याच त्या संदेशाचा, तारखेसह, स्क्रीनशॉट पाठवला. शिवी नाही, धमकी नाही. नऊ दिवसांनी सगळे साठ हजार खात्यात आले. स्टॅम्प पेपर असता तर लवकर आले असते, असे भाऊजी अजूनही म्हणतात. मला ते पटत नाही, कारण भाडेकराराचा कागद तर होताच आणि त्यात रंगकामाविषयी एक ओळही नव्हती. ती ओळ चॅटमध्येच होती.

दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्या होत्या. चॅटमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर ते ठरलेल्या मुदतीनंतर आपल्याकडूनही जातात, अकाउंट असो वा नसो. आणि ही प्रत केवळ आपल्या फोनमध्ये असते, बॅकअप न घेता फोन हरवला तर समोरच्याकडून परत मागण्याचा मार्ग उरत नाही. महत्त्वाचे चॅट ‘Export chat’ करून ई-मेलवर पाठवून ठेवावे, पण कोर्टात जायची वेळ येईल असे वाटत असेल तर मूळ फोन बदलू किंवा रीसेट करू नये, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यासाठी ते संदेश ज्या उपकरणात आहेत ते हाताशी असलेले बरे.