गोऱ्या रंगाला फिकं कापड का मारतं

ताई, गोऱ्या असूनही पिस्ता कुर्त्यात चेहरा फिका का दिसतो, असं तुम्ही विचारलंत. पिस्ता, मोतिया, फिका गुलाबी हे रंग फिकेपणात तुमच्या कातडीच्या इतके जवळचे आहेत की चेहरा अन् कापड वेगळं दिसतच नाही, ओठही फिके वाटतात. डाळिंबी, मोरपंखी, वांगी किंवा गर्द निळ्यापासून सुरुवात करा. एकदम काळा नको. कोणाकोणाला तो डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठवून दाखवतो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, नवखे तिथंच फसतात. कापड बाहेर सावलीत नेऊन हनुवटीखाली धरा. नजर आधी कापडावर न जाता डोळ्यांवर गेली, तर घ्या.

घरातले पिस्ता कुर्ते टाकू नका. त्यावर डाळिंबी ओढणी गळ्यालगत घ्या, कारण चेहऱ्यावर परिणाम गळ्याजवळच्याच रंगाचा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गर्द कुर्ता तापतो. तेव्हा पातळ सुती ओढणीच बरी.